दाताचा ताप, दाताची शी

बाळ सातव्या-आठव्या महिन्यात आलं, की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'दात येतायत ना, म्हणून.' बाळ किरकिर करतंय, रात्री चार वेळा उठतंय, दात येतायत ना, म्हणून. अंग गरम लागतंय, दात येतायत. दिवसातून सहा वेळा पातळ शी झाली, दाताचीच असणार. यातली पहिली दोन कारणं बऱ्याच अंशी खरी आहेत. शेवटची दोन मात्र खरी नाहीत. ताप आणि जुलाब 'दाताचे' म्हणून घरीच अंगावर काढले जातात आणि दवाखान्यात जायला दोन-तीन दिवसांचा उशीर होतो. सात-आठ किलोच्या बाळाला जुलाबांत तेवढा उशीर फार महाग पडू शकतो, म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

आधी दात येतो म्हणजे काय होतं ते पाहू. दुधाचे दात एकूण वीस. त्यांची घडण बाळ आईच्या पोटात असतानाच सुरू झालेली असते. बहुतेक बाळांना खालचे पुढचे दोन दात सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान दिसू लागतात, मग वरचे पुढचे, मग त्यांच्या शेजारचे, मग पहिल्या दाढा, सुळे आणि शेवटी मागच्या दाढा. अडीच-तीन वर्षांपर्यंत हा कार्यक्रम चालतो. कुणाला चौथ्या महिन्यात दात येतो, कुणाला पहिल्या वाढदिवसालाही तोंडात एकही दात नसतो. दोन्ही बाळं निरोगी असू शकतात. वरचे दात आधी आले तर मामाला जड जातं, असं आपल्याकडे म्हणतात. क्रम थोडा मागेपुढे होणं ही साधी गोष्ट आहे, मामाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

दात हिरडी फाडून बाहेर येतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात दात वर सरकत असताना त्याच्यावरचं हाड आणि हिरडीचा भाग शरीर स्वतःच हळूहळू विरघळवून वाट करून देतं. त्या जागी थोडी सूज आणि लाली येते, हिरडी दुखरी होते. सळसळतं म्हणून बाळ हाताला येईल ते चावतं. कधी कधी दात बाहेर पडण्याआधी हिरडीवर निळसर, पाण्याने भरल्यासारखा फुगवटा दिसतो आणि घरातले घाबरतात. बहुतेक वेळा दात बाहेर आला, की तो आपोआप जिरतो. त्याला टाचणी लावायची नाही, दाबून फोडायचा नाही.

थोडक्यात, हा सगळा प्रकार हिरडीपुरता, एका छोट्या जागेपुरता आहे. तिथली थोडी सूज आतड्यापर्यंत पोचून पाण्यासारखी शी कशी घडवेल? यावर घरात एक उत्तर तयार असतं : 'लाळ पोटात जाते ना, म्हणून शी पातळ होते.' पण लाळ आपण सगळेच दिवसभर गिळत असतो, मोठ्या माणसाची तर जवळजवळ लिटरभर लाळ रोज पोटात जाते आणि त्याने कुणाला जुलाब होत नाहीत. शिवाय लाळ गळायला तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरुवात होते, दाताचा पत्ताही नसतो तेव्हा. त्या वयात लाळेच्या ग्रंथी जोमाने काम करू लागतात आणि सगळी लाळ गिळायची सवय बाळाला अजून लागलेली नसते. लाळेरं भिजलं म्हणजे दात आलाच, असं समजायचं कारण नाही.

या प्रश्नाचा चांगला माग दोन अभ्यासांनी काढला. दोन्ही 2000 साली 'पीडियाट्रिक्स' या बालरोगशास्त्राच्या मासिकात छापून आले. पहिला अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकचा. 125 बाळांच्या आईवडिलांनी रोज दोनदा बाळाचा ताप मोजला, दिवसभरात दिसलेली लक्षणं टिपून ठेवली आणि दात कधी फुटला त्याची तारीख लिहिली. असे 475 दात त्यांच्या नोंदीत आले. दात दिसण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस, अशा आठ दिवसांत काही तक्रारी इतर दिवसांपेक्षा जास्त दिसल्या. चावणं, लाळ गळणं, हिरडी घासणं, चोखणं, चिडचिड, झोपमोड, कान ओढणं, तोंडाभोवती पुरळ, घट्ट अन्न नको म्हणणं, आणि अंग किंचित कोमट लागणं. शी पातळ होणं, शीची वेळ वाढणं, उलटी, खोकला, सर्दी, 102 अंशांच्या वरचा ताप यांचा मात्र दाताशी काहीच मेळ बसला नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जी लक्षणं दाताशी जुळली, तीही एका वेळी पस्तीस टक्क्यांपेक्षा जास्त बाळांत दिसली नाहीत. म्हणजे बहुतेक बाळांचा दात फारसा गाजावाजा न करता येतो.

दुसरा अभ्यास ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा. तिथे पाळणाघरांतल्या 21 मुलांचं तोंड दंत-तज्ज्ञाने रोज तपासलं. कुठल्या दिवशी दात फुटला हे आईबापांवर किंवा सांभाळणाऱ्या बाईंवर न सोडता जाणकाराने ठरवलं, हेच या अभ्यासाचं वेगळेपण. नव्वद दात फुटताना पाहिले गेले. त्या दिवसांत ताप, शी, चिडचिड यांपैकी कशातच ठळक फरक पडला नाही. तरीही सगळ्या आईवडिलांना विचारलं, तेव्हा 'आमच्या बाळाला दाताचा त्रास झालाच' असंच प्रत्येकाने सांगितलं. यातून मनाची एक सवय दिसते : आपण उलटून आठवतो तेव्हा आजार आणि दात यांची जोडी आपोआप जुळवतो. 2016 साली अनेक अभ्यास एकत्र तपासून झालेल्या आढाव्यातही निष्कर्ष तोच निघाला. हिरडीची खाज-दुखणं, चिडचिड आणि लाळ ही दाताची खरी लक्षणं. शरीराचं तापमान थोडं वाढू शकतं, पण ज्याला वैद्यकात ताप म्हणतात तिथपर्यंत ते जात नाही.

ताप म्हणजे किती, हे मनात पक्कं असावं. बाळाच्या बाबतीत 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक म्हणजे ताप. कपाळाला हात लावून ठरवण्यापेक्षा डिजिटल थर्मामीटर बाळाच्या बगलेत लावणं कितीतरी चांगलं. थर्मामीटर 99 अंश दाखवतं आणि बाळ हिरडी घासतंय, तर दाताची शक्यता आहे. 101 दाखवतं, तर दुसरं कारण शोधायला लागायचं. दात येत असला तरीही.

मग प्रश्न उरतो, की एवढ्या आज्या, आया, अनुभवी बायका चुकीचं पाहतात का? त्या पाहतात ते खरंच असतं. दात येण्याच्या काळातच ताप-जुलाब जास्त होतात, यात शंका नाही. पण दोन्हींचं कारण एकच नाही, त्यांची वेळ एक आहे. सहा महिन्यांच्या आसपास बाळाच्या आयुष्यात चार-पाच गोष्टी एकदम घडतात. आईकडून गर्भात मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते आणि स्वतःची अजून पुरती तयार झालेली नसते. उष्टावण होतं. तोपर्यंत फक्त आईचं दूध मिळणाऱ्या बाळाच्या पोटात आता वाटी, चमचा, पाणी, शिळा राहिलेला घास अशा वाटांनी जंतू जाऊ शकतात. बाळ रांगू लागतं, फरशीवरची वस्तू उचलून थेट तोंडात घालतं. हिरडी सळसळते म्हणून तर हे चावणं आणखी वाढतं. पडलेलं खेळणं, चपलेचा पट्टा, ताईची पेन्सिल, काही वर्ज्य नाही. त्यामुळे दात आणि जुलाब यांच्यामध्ये एक दुवा खरोखर आहे, तो म्हणजे तोंडात जाणारी घाण. जुलाब होतात ते पोटात गेलेल्या विषाणू-जिवाणूंनी. 

यात साध्या हिशोबाचाही भाग आहे. वीस दात, प्रत्येकाचे वर सांगितलेले आठ दिवस, म्हणजे एकशे साठ दिवस. दात साधारण दोन वर्षांच्या काळात येतात, म्हणजे सातशे तीस दिवस. काही दात जोडीने येतात म्हणून थोडे दिवस कमी धरले, तरी या दोन वर्षांतला कुठलाही आजार निव्वळ योगायोगाने 'दाताच्या दिवसांत' पडण्याची शक्यता बरीच मोठी आहे. त्यात आपण आठच दिवस मोजत नाही. 'अजून दिसत नाही, पण येतोय आतून', असंही म्हणतो. मग तर दोन वर्षांतला प्रत्येक दिवस दाताचा होतो आणि 'दातामुळे' हे कारण कधी खोटं ठरूच शकत नाही. जे कारण कधीच खोटं ठरत नाही, त्याने आजाराचा शोध लागत नाही.

या समजुतीपायी जगभर फार मुलं दगावली आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये बाळांच्या मृत्यूच्या नोंदीत 'दात येणे' हे कारण सर्रास लिहिलं जाई. 1839 च्या एका वर्षात अशा पाच हजारांवर नोंदी झाल्या. ते बाळ खरंतर जुलाब, न्यूमोनिया, मेंदूज्वर अशाच कशाने गेलेलं असे. सोळाव्या शतकातला फ्रेंच शल्यचिकित्सक अँब्रोज पारे याच्यापासून पुढे तीनशे वर्षं डॉक्टर दात मोकळा व्हावा म्हणून बाळाची हिरडी चाकूने चिरत. पुढे दाताची पावडर आली. तिच्यात कॅलोमेल, म्हणजे पाऱ्याचा क्षार असे. त्याने बाळांचे हातपाय गुलाबी होत, कातडी सोलत, बाळ सतत रडत राही, काही मरत. त्या आजाराला 'पिंक डिसीज' हेच नाव पडलं. त्याचं कारण पारा आहे हे 1940 च्या दशकात ध्यानात आलं. ब्रिटनमध्ये 1954 साली पाऱ्याच्या पावडरी बाजारातून गेल्या आणि तो आजारही जवळजवळ नाहीसा झाला. दात तर तेव्हाही येतच होते.

आपल्याकडच्या घरगुती उपायांतही असाच एक घातक प्रकार अजून चालतो : टाकणखाराची लाही मधात कालवून हिरडीला चोळणं. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. तो बाळाच्या शरीरात साठत जातो. 1983 साली आयर्लंडमधल्या डॉक्टरांनी सात बाळांची हकीकत प्रसिद्ध केली. या बाळांना फिट येत होत्या आणि कारण सापडत नव्हतं. शेवटी उलगडा झाला तो असा, की त्यांच्या चोखण्या बोरॅक्स आणि मधाच्या तयार मिश्रणात बुडवून दिल्या जात होत्या. ते मिश्रण बंद केल्यावर फिट थांबल्या. आपल्या घरात चिमूटभर टाकणखार रोज लावला जातो आणि 'आमच्या चार मुलांना लावला, काही झालं नाही' असं सांगितलं जातं. कमी मात्रेने लगेच काही दिसत नाही, पण किती मात्रा सुरक्षित आहे हे चिमटीने मोजता येत नाही. मधाचंही तसंच. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यात कधी कधी असलेल्या जिवाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा बॉट्युलिझम हा आजार होऊ शकतो. हिरडीवर बोटाने चोळलेला मधही पोटातच जातो.

हिरडी बधिर करणाऱ्या जेलबद्दलही तेच सांगायचं. बेंझोकेन असलेलं जेल दोन वर्षांखालच्या बाळाला लावू नका, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये दिला. त्याने रक्तातला ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमताच खालावते आणि बाळ निळं पडू शकतं. लिग्नोकेनच्या जेलने फिट येणं, हृदयावर परिणाम होणं असे धोके आहेत, म्हणून तेही नको. शिवाय लाळेने ते दोन मिनिटांत धुऊन निघतं, घशात जाऊन गिळणं बधिर करतं आणि दुखणं तसंच राहतं.

'दाताच्या गोळ्या' म्हणून पांढऱ्या गोड गोळ्या सहज मिळतात. कित्येक घरांत त्या सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत रोज चालू असतात. दात कधी, कुठे येणार हे त्या ठरवत नाहीत, आणि दात येणं हा आजार नसल्यामुळे बऱ्या करायला काही नसतंही. अमेरिकेत 2016-17 च्या सुमारास दातासाठीच्या अशा काही होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोनाचं प्रमाण लेबलवर सांगितलं त्यापेक्षा कितीतरी जास्त आणि प्रत्येक गोळीत वेगळं निघालं होतं. कॅल्शियमचं औषध दिलं की दात लवकर येतात, हाही असाच समज. आईचं किंवा फॉर्म्युला दूध नीट मिळत असेल, तर बाळाला कॅल्शियमची कमतरता सहसा नसते. ड जीवनसत्त्वाचे थेंब डॉक्टरांनी सुचवले असतील, तर ते हाडांसाठी द्यावेत, पण दाताच्या घाईसाठी म्हणून नव्हे. गळ्यात घालायच्या दाताच्या माळाही नकोत. त्याने गळफास बसतो, मणी तुटून श्वासनलिकेत जातो. अमेरिकेत झोपेत अशी माळ आवळून दीड वर्षाचं मूल गेल्याची नोंद आहे.

मग दुखऱ्या हिरडीसाठी करायचं काय? फार काही लागत नाही. आईने किंवा आजीने साबणाने हात धुवून स्वच्छ बोटाने हिरडी एक-दोन मिनिटं हळूच दाबून चोळावी. नखं कापलेली असावीत. स्वच्छ मलमलचा तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून पिळावा, फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटं ठेवावा आणि बाळाला चावायला द्यावा. फ्रिज नसेल, तर माठाशेजारी ठेवून गार केलेला तुकडाही चालतो. रबराचं किंवा सिलिकॉनचं भरीव टीथर असलं तर तेही फ्रिजमध्ये गार करून द्यावं. फ्रीजरमध्ये गोठवू नये, बर्फासारख्या कडक गोष्टीने नाजूक हिरडीला इजा होते. आत पाणी किंवा जेल भरलेली टीथर घेऊ नयेत, चावताना ती फुटतात. आणि टीथर काय नि मलमल काय, रोज धुवायला हवी. जमिनीवर पडलं की पुन्हा धुवायला हवी. नाहीतर वर म्हटलं तसं जुलाबाचं कारण तेच होईल. चेहरा ओला राहून पुरळ येत असेल, तर लाळ घासून न पुसता टिपावी आणि हनुवटीला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा.

चावायला म्हणून गाजराचा तुकडा, खारीक, टोस्ट देण्याची पद्धत आहे. ती मला फार धोक्याची वाटते. हिरडीने किंवा पुढच्या दोन दातांनी गाजराचा टवका निघतो, पण दाढा नसल्यामुळे तो चावला जात नाही आणि थेट श्वासनलिकेत अडकू शकतो. खारकेचंही तेच, भिजली की तिचा चिवट तुकडा सुटतो. त्यापेक्षा दुखण्याच्या दिवसांत मऊ भात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं, मऊ शिजवलेला भोपळा गार करून द्यावा. घट्ट अन्न नको म्हणालं, तर एक-दोन दिवस दूध जास्त पाजावं, भूक परत येते. अंगावर पाजताना बाळ चावलं, तर आईने त्याला मागे ओढू नये, त्याने जखम वाढते. बाळाला स्तनाकडे अलगद घट्ट धरलं, किंवा तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत सरकवली, की तोंड आपोआप उघडतं.

एखाद्या रात्री बाळ खरंच फार कळवळत असेल, तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल देता येतं. इथे एक चूक वारंवार होते. हे औषध बाळाच्या वजनावर ठरतं, एका वेळी प्रत्येक किलोला साधारण 15 मिलिग्रॅम. आठ किलोच्या बाळाला 120 मिलिग्रॅम. पण बाजारात याच औषधाच्या वेगवेगळ्या ताकदीच्या बाटल्या आहेत. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे 1.2 मिलिलीटर पुरे. साध्या सिरपमध्ये 5 मिलिलीटरला 120 किंवा 125 मिलिग्रॅम असतं, तिथे जवळजवळ पाच मिलिलीटर लागतं. जास्त ताकदीच्या सिरपमध्ये 5 मिलिलीटरला 250 मिलिग्रॅम असतं. सिरप समजून थेंबांच्या बाटलीतून पाच मिलिलीटर दिलं, तर चौपटीहून जास्त डोस जातो आणि यकृताला धोका होतो. म्हणून बाटलीवरची ताकद डॉक्टरांना वाचून दाखवावी. दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवावं, दिवसात चारच्या वर जाऊ नये. दोन-चार दिवसांत हे औषध परत परत लागत असेल, तर दुखणं दाताचं नसण्याची शक्यता जास्त आहे. अ‍ॅस्पिरिन बाळाला कधीच देऊ नये.

आता एक उदाहरण पूर्ण चालून पाहू. समजा, नऊ महिन्यांची मुलगी आहे, वजन आठ किलो. वरच्या पुढच्या दोन जागी हिरडी फुगलेली दिसते. सोमवारपासून तिची लाळ वाढली आहे, बोटं चावतेय, रात्री दोनदा जास्त उठली. थर्मामीटर 99.2 दाखवतं. इथपर्यंत चित्र दाताचं आहे आणि गार मलमल, हिरडी चोळणं, उराशी धरणं एवढं पुरतं.

बुधवारी सकाळी तिला पातळ शी झाली. दुपारपर्यंत चार वेळा, पाण्यासारखी. संध्याकाळी ताप 101.6. आता घरात दोन मतं पडतात. आजी म्हणतात, 'अगं, दाताचंच आहे, आमच्या पोरांनाही असंच व्हायचं.' आई म्हणते, 'पण आई, तिला एवढा ताप कधी नव्हता.' इथे आईचं बरोबर आहे. हिरडी सुजलेली आहे, हे खरं. पण पाण्यासारखे जुलाब आणि 101.6 ताप हा पोटातला संसर्ग समजून वागायचं. चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ शी झाल्या, की जुलाब म्हणतात.

पहिलं काम ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं, पाकिटावर तसं लिहिलेलं. 'ओआरएस' असं ठळक छापलेलं गोड पेय नव्हे, त्यात साखर फार असते. मोठं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळायचं, छोटं पाकीट असेल तर त्याच्यावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात. अंदाजाने अर्धं पाकीट अर्ध्या पेल्यात टाकलं, तर मीठ जास्त होऊन अपाय होतो. तयार केलेलं पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यायचं. प्रत्येक शीनंतर या वयात 50 ते 100 मिलिलीटर, चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटांनी एक घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करायचं. आईचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा द्यायचं. मऊ खाणंही चालू ठेवायचं. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, आईच्या दुधात किंवा उकळलेल्या पाण्यात विरघळवून, चौदा दिवस. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी चौदा दिवस. गोळी सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे मिळते. जुलाब थांबवणारी मोठ्यांची औषधं बाळाला देऊ नयेत.

गुरुवारी सकाळी त्या मुलीकडे पाहायचं ते असं : डोळे खोल गेलेत का? रडते तेव्हा अश्रू येतात का? सहा तासांत शू झाली का? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती लगेच सपाट होते की सावकाश? पाणी हावऱ्यासारखं पिते, की पिण्याचं भानच नाही? बाळ सुस्त, हाक मारल्यावरही न बघणारं, पिऊ न शकणारं, प्रत्येक घोट ओकणारं, शीत रक्त येणारं असेल, किंवा आठ तास शू झाली नसेल, तर घरी थांबायचंच नाही, तात्काळ दवाखाना. आणि तसं काही दिसत नसलं, तरी दुसऱ्या दिवसापर्यंत 101 च्या वरचा ताप राहिला, तर तपासणी हवीच.

तिथे डॉक्टर बाळाचं पोट, कान, घसा, छाती तपासतील. ही मुलगी कान ओढत असेल, तर कानामागचं कारण दात की कानाच्या आतली पू भरलेली सूज, हे फक्त उपकरणाने पाहूनच कळतं. जुलाब नसताना नुसताच ताप असता, तर मुलींमध्ये लघवीचा संसर्ग लपून राहतो, म्हणून लघवीची तपासणी सांगितली असती. जुलाब-सर्दी काही नाही, तीन-चार दिवस नुसता 103 ताप, मग ताप उतरताच छाती-पाठीवर गुलाबी पुरळ, हे या वयात नेहमी दिसणाऱ्या रोझिओला नावाच्या विषाणूजन्य आजाराचं चित्र असतं. तोही 'दाताचा ताप' म्हणून घरोघरी निघून जातो. हिरड्या लालबुंद होऊन रक्त येत असेल, तोंडात बारीक फोड असतील आणि बाळ दूधही घेत नसेल, तर तो बऱ्याचदा हर्पिसचा संसर्ग असतो, तोही दातांच्याच नावावर खपतो.

दवाखान्यात गेल्यावर 'दात येतायत, म्हणून ताप आलाय' अशी सुरुवात करू नका. समोर बसलेल्या माणसाच्या मनातही उत्तर तयार होतं आणि तपासणी घाईत उरकण्याचा धोका वाढतो. कधीपासून ताप, सर्वांत जास्त किती मोजला, किती वेळा शी, शेवटची शू किती वाजता, काय-काय औषध दिलं, कुठल्या बाटलीतून किती मिलिलीटर, एवढं कागदावर लिहून न्यावं. हिरडीवर फुगवटा आहे, हे शेवटी सांगायचं. टाकणखार, बाळगुटी, दाताच्या गोळ्या, गावाकडून आणलेलं काही मध्येच दिलं असेल, तर तेही लिहून न्यावं. डॉक्टर रागावतील म्हणून आपण हेच नेमकं सांगायचं टाळतो.